राजीनामा देणार हे मॅनेजरला आधी मेसेजवर सांगायचंय, पण मॅनेजर रजेवर आहे

टाचणी (गुरुवार, २७ फेब्रुवारी, रात्री)

मंडळी, जरा घाईचा प्रश्न आहे.

नवीन नोकरीचं ऑफर लेटर सही होऊन हातात आलंय. रुजू व्हायचंय सोमवारी ५ मेला. सध्याच्या ठिकाणी नोटीस ६० दिवसांची. म्हणजे शेवटचा दिवस शुक्रवार २ मे धरला, तर राजीनामा येत्या सोमवारी, ३ मार्चला जायला हवा.

अडचण अशी की माझ्या मॅनेजर मॅडम आजपासून रजेवर गेल्या आहेत, त्या थेट १० मार्चला येतील. आमच्याकडे राजीनामा पोर्टलवर टाकतात आणि तो टाकताक्षणी मॅनेजरला आपोआप मेल जातो. चार वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलंय. त्यांना ही बातमी रजेत, पोर्टलच्या मेलवरून कळावी हे मला बरं वाटत नाही. म्हणून आधी एक मेसेज टाकावा म्हणतो. आमचं एरवीचं बोलणं मराठीतच चालतं. मसुदा असा केलाय:

"मॅडम, रजेत त्रास देतोय त्याबद्दल सॉरी. खूप दिवसांपासून मनात होतं, पण बोलायचं धाडस होत नव्हतं. गेल्या अप्रेझलनंतर मी जरा नाराज होतो आणि कामाचा ताणही वाढला होता. आता एका ठिकाणाहून चांगली ऑफर आली आहे, पगारही बराच जास्त आहे. त्यामुळे राजीनामा द्यावा असा विचार करतोय. तुमचं काय मत आहे? तुम्ही मला नेहमीच सांभाळून घेतलंत हे मी विसरणार नाही. कृपया गैरसमज करून घेऊ नका."

कसा वाटतो? आणि कधी पाठवू?

---

कारकून क्रमांक दोन

मी वापरलेलं स्वरूप देतो, तसंच्या तसं घ्या. वर उजवीकडे तारीख, डावीकडे प्रति आणि हुद्दा. विषय: राजीनाम्याबाबत. मग "महोदया, वरील विषयास अनुसरून कळवू इच्छितो की, मी वैयक्तिक कारणास्तव माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. नियमानुसार नोटीस कालावधी पूर्ण करीन." खाली आपला विश्वासू आणि सही. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या.

---

टाचणी

धन्यवाद, पण हे पत्राचं झालं. पत्र पोर्टलवरच जाणार आहे. मी त्याच्या आधीच्या मेसेजबद्दल विचारतोय.

---

कारकून क्रमांक दोन

मग आधी मेसेज कशाला? पत्र द्या की थेट. आमच्या वेळी आधी-नंतर असं काही नव्हतं.

---

जुनी खुर्ची

टाचणी, मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते. असे मेसेज मला आलेत, आणि मीही माझ्या वरिष्ठांना पाठवलेत. तुमच्या मसुद्यात नमनालाच घडाभर तेल गेलंय, पण खरा घोळ लांबीचा नाही. "द्यावा असा विचार करतोय, तुमचं काय मत आहे" या वाक्याचा आहे.

हे वाचून मला काय कळेल? की अजून तळ्यात-मळ्यात चालू आहे आणि माणूस थांबवता येईल. मग मी माझ्या साहेबांना फोन करीन, पगारवाढीचं काही जमतंय का बघीन, तुम्हाला "घाई करू नका, मी आल्यावर बोलू" म्हणीन. हे सगळं मी चांगुलपणानेच करीन, कारण मत तुम्हीच विचारलंत. आणि तुमचं तर ठरलेलं आहे. ऑफरवर सही झाली आहे. दहा दिवसांनी मला जेव्हा कळेल की विचार वगैरे काही नव्हता, नुसता संकोच होता, तेव्हा मी साहेबांपुढे तोंडघशी पडलेली असेन. राग राजीनाम्याचा येत नाही हो, याचा येतो.

क्रियापद नीट बघा. "द्यावा असं वाटतंय" म्हणजे सल्ला मागणं. "देतोय" किंवा "दिला" म्हणजे आत्ताच दिला, तेही मेसेजमध्ये नको. "द्यायचं ठरवलंय, सोमवारी पोर्टलवर टाकतोय" यात निर्णय पक्का कळतो, पण तो कागद अजून यायचा आहे हेही कळतं. तुम्हाला हे तिसरं हवंय.

दुसरं, अप्रेझल आणि ताण काढून टाका. खोटं आहे म्हणून नव्हे. चॅटवरचा मजकूर पुढे जातो. मला माझ्या वरिष्ठांना आणि एचआरला कळवावंच लागतं, आणि घाईत मी तुमचा मेसेजच पुढे ढकलीन. मग तुमची नाराजी अशा माणसांपर्यंत जाईल ज्यांना तुम्ही ती कधी सांगितली नसती. बोलायचंच असेल तर फोनवर बोला. पगाराचा उल्लेखही नको, त्याला उत्तर म्हणून फक्त आकडाच येतो.

---

भरारी

एक महत्त्वाची गोष्ट कुणीच सांगितली नाही. मेसेज हेसुद्धा लेखीच असतं! म्हणजे ज्या दिवशी मेसेज पाठवला त्या दिवसापासून नोटीस सुरू. टाचणी, आज रात्रीच पाठव, स्क्रीनशॉट काढून ठेव, तीन-चार दिवस वाचले. निळ्या टिका आल्या की पोच मिळाली. पोर्टल बिर्टल नंतर सावकाश बघ.

---

अटी आणि शर्ती

भरारी, अर्धं बरोबर आहे तुमचं. लेखी असतं हे खरं, आणि म्हणूनच जपून लिहायचं. पण नोटीस त्यातून सुरू होते असं धरून चालू नका.

मी एचआरमध्ये आहे. करारात नोटीस कुणाला आणि कशी द्यायची हे बहुधा लिहिलेलं असतं. टाचणींच्या इथे पोर्टल आहे, म्हणजे त्यांच्याकडची तारीख पोर्टलवरची. शिवाय "राजीनामा देणार आहे" हा इरादा झाला. त्यात शेवटचा दिवस नाही, तो कधीपासून मोजायचा ते नाही. अशा मेसेजचा स्क्रीनशॉट घेऊन कुणी आमच्याकडे आलं तर आम्ही शांतपणे विचारतो, पोर्टलवर कधी टाकलात?

उलट बाजू जास्त धोक्याची आहे. कुणी रागात लिहितं, "बस झालं, मी आजपासून सोडलं." यात इरादा नाही, कृती आहे. कंपनीने "स्वीकारला" असं उत्तर दिलं की माघार घेणं कठीण. कित्येक ठिकाणी एकदा दिलेला स्पष्ट राजीनामा कंपनीच्या संमतीशिवाय मागे घेता येत नाही. कायदा ठिकाणाप्रमाणे बदलतो, पण शब्द सांभाळायला कुठेच पैसे पडत नाहीत.

टाचणी, तुमच्या तारखांबद्दल एक सांगते. मॅडम येईपर्यंत, १० मार्चपर्यंत थांबलात तर ६० दिवस ९ मेला भरतात. म्हणजे ५ मे गेला, रुजू व्हायला १२ मे उजाडेल. मेसेज कधी पाठवायचा ते तुमच्या मनावर. पोर्टल मात्र सोमवारीच, आणि ऑफिसच्या वेळेत. रात्री अकराला टाकलं तर काही ठिकाणी दुसऱ्या दिवसाची तारीख धरतात.

---

भरारी

आमच्याकडे बॉसला मेसेज केला आणि बॉस म्हणाला आजपासून धरतो. झालं होतं की.

---

अटी आणि शर्ती

बॉसने धरलं म्हणून झालं. नसतं धरलं तर?

---

शेवटचा डबा

माझा अनुभव सांगतो, थोडा वेगळा आहे. मी रात्री साडेनऊला मेसेज केला, छान दोन ओळींचा, जुनी खुर्ची म्हणतात तसाच. साहेब म्हणाले "ओके, उद्या बोलू." सकाळी ऑफिसला पोचलो तर लॅपटॉप लॉगिनच घेईना. मी प्रतिस्पर्धी कंपनीत चाललोय असा त्यांचा समज झाला होता. नोटिशीचे सगळे पैसे दिले, पण दोन महिने घरी बसवलं. पैसे मिळाले म्हणून लोक म्हणतात मजा आहे, पण माझ्या सगळ्या पगाराच्या स्लिपा त्या लॅपटॉपवर. नव्या कंपनीने शेवटच्या तीन महिन्यांच्या मागितल्या, तर एचआरच्या मागे लागून मिळवायला पंधरा दिवस गेले. सहकाऱ्यांचे नंबरसुद्धा नव्हते.

टाचणी, मेसेज पाठवायच्या आधी स्लिपा, नेमणूक पत्र, अप्रेझलची पत्रं, रजेची शिल्लक, हे स्वतःचं सगळं उतरवून घे.

---

अटी आणि शर्ती

याला पुस्ती जोडते. स्वतःचं म्हणजे खरोखर स्वतःचं. गेल्या वर्षी एकाने राजीनाम्याच्या आदल्या दिवशी प्रोजेक्टच्या फायली स्वतःच्या मेलवर पाठवल्या, "नमुना म्हणून असाव्यात" एवढ्याच हेतूने. राजीनामा आला की आधीच्या काही दिवसांत काय बाहेर गेलं ते आम्ही तपासतो, अनेक कंपन्या तपासतात. तो माणूस अजून खुलासे देतोय.

---

मधली सुट्टी

मला मूळ गोष्टच पटत नाही. रजेवरच्या माणसाला मेसेज का? मी रजेवर असताना माझ्या टीममधल्या मुलीने असा मेसेज केला. पाहुण्यांनी भरलेलं घर आणि माझ्या डोक्यात, आता तिचं काम कुणाला देऊ. उरलेली रजा तशीच गेली. पोर्टलच्या मेलने कळलं असतं तर तो मी आल्यावर उघडला असता. तुमच्या मनाचा भार हलका व्हावा म्हणून माझ्या रजेचा बळी का?

---

जुनी खुर्ची

मधली सुट्टी, मुद्दा खरा आहे. मी तरी मेल बघतेच रजेत, आणि आपोआप आलेल्या मेलवरून कळणं मला जास्त लागलं असतं. पण सगळ्या माझ्यासारख्या नसतात. टाचणींनाच माहीत असणार त्यांच्या मॅडम कशा आहेत. त्यांचे साहेब किंवा कामावर असलेलं दुसरं कुणी आधी फोन करून "तुमचा माणूस चाललाय" म्हणणार असेल, तर मेसेज केलेलाच बरा. ते अगदी वाईट. मला एकदा तसं कळलंय, जिन्यात.

---

टाचणी

मॅडम रजेतही मेल बघतात, मला माहीत आहे. आणि पोर्टलचा मेल त्यांच्या साहेबांनाही जातो, म्हणजे तो फोन येणारच. त्यामुळे मेसेज करायचं नक्की. आता असा केलाय:

"मॅडम, रजेत मेसेज करतोय, माफ करा. मी राजीनामा द्यायचं ठरवलं आहे आणि नोटिशीच्या तारखेमुळे तो सोमवारी दुपारी पोर्टलवर टाकावा लागेल. तुम्हाला पोर्टलच्या मेलवरून कळू नये म्हणून आधी सांगतोय. तुम्हाला सोयीचं असेल तर दहा मिनिटं फोनवर बोलतो, नाहीतर तुम्ही आल्यावर सविस्तर बोलू. टीममध्ये अजून कुणाला सांगितलेलं नाही."

नव्या कंपनीचं नाव टाकू का? आणि कधी पाठवू? शुक्रवारी पाठवला तर त्यांना दोन दिवस मिळतील.

---

जुनी खुर्ची

आता झाला. शेवटचं वाक्य राहू दे, मॅनेजर पहिली तीच गोष्ट विचारते.

शुक्रवारी नको, सोमवारी सकाळी. मेसेज आणि पोर्टल यांच्यातलं अंतर म्हणजे थांबवायची मुदत. दोन दिवस दिले तर दोन दिवस तुमच्याशी बोलणी होणार, आणि रविवारी रात्री तुम्ही डळमळाल. चार तास दिले तर बोलणं होतं, घासाघीस होत नाही. थांबायची तुमची खरंच तयारी असेल तर गोष्ट वेगळी. पण मग ऑफरवर सही करायच्या आधीच बोलायला हवं होतं.

कंपनीचं नाव मेसेजमध्ये नकोच. फोनवर विचारलं तर सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

---

मधली सुट्टी

मी तर नाव शेवटच्या दिवसापर्यंत सांगत नाही.

---

शेवटचा डबा

मी सांगितलं नव्हतं, म्हणून तर प्रतिस्पर्धी समजून लॅपटॉप बंद केला. सांगितलं असतं तर कळलं असतं की धंदाच वेगळा आहे.

---

मधली सुट्टी

आणि प्रतिस्पर्धीच असती तर?

---

भरारी

सोमवारी सकाळी म्हणजे सगळ्यांची डोकी तापलेली असतात. मी शुक्रवारी संध्याकाळी पाठवतो आणि फोन बंद.

---

जुनी खुर्ची

भरारी, तुमच्या बॉसबद्दल मला सहानुभूती आहे.

---

टाचणी (सोमवार, ३ मार्च, रात्री)

झालं एकदाचं. काय झालं ते सांगतो.

सकाळी साडेनऊला मेसेज पाठवला. वीस मिनिटांत फोन. रागावल्या नाहीत, पण पहिलं वाक्य होतं, "मी परत येईपर्यंत थांबता आलं नसतं का?" मी तयारी करून बसलो होतो तरी गळा सुकला. सांगितलं की १० तारखेला टाकला तर शेवटचा दिवस ९ मेला जातो आणि मी ५ मेची तारीख देऊन बसलोय. मग म्हणाल्या, "नव्या ठिकाणी एक आठवडा मागून घे ना, त्यात काय एवढं." खरं सांगतो, तेव्हा हो म्हणणारच होतो. जुनी खुर्चीचं चार तासांचं वाक्य आठवलं. म्हटलं, तारीख आज बदलत नाही, पण कामाचं हस्तांतर तुम्ही म्हणाल तसं करीन, आणि तुम्ही यायच्या आत चालू कामांची यादी तयार ठेवतो. थोडा वेळ गप्प होत्या. मग कारण विचारलं. तेव्हा अप्रेझलचं बोललो, आवाज न चढवता. त्या म्हणाल्या, "हे मला तेव्हा का नाही सांगितलंस?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नाव विचारलं, तेही सांगितलं. धंदा वेगळाच आहे, झाकण्यासारखं काही नव्हतं.

दुपारी एकला पोर्टलवर टाकलं. आता गंमत बघा. पोर्टलने शेवटचा दिवस १ मे दाखवला, २ मे नाही. मी काय चुकलो?

---

अटी आणि शर्ती

तुम्ही काही चुकला नाहीत. तुम्ही राजीनाम्याचा दिवस सोडून ४ मार्चपासून मोजलंत, म्हणून २ मे. तुमच्या पोर्टलने ३ मार्च हाच पहिला दिवस धरला, म्हणून १ मे. दोन्ही पद्धती चालतात. करारात "६० दिवस" ऐवजी "दोन महिने" असतं तर हिशेब आणखी निराळा, तेव्हा तारखेला तारीख बघतात.

तुमच्या बाबतीत फरक पडत नाही, ५ मेच्या आत आहात. पण मॅडमनी मंजुरी दिली की त्यांच्या उत्तरात कुठली तारीख येते ते बघा. पोर्टल १ म्हणतंय आणि त्यांच्या मेलमध्ये २ आली, तर सेवामुक्तीच्या पत्रावर कुठली हे आताच विचारून घ्या. नवीन कंपनी ते पत्र मागते आणि तारखा जुळवून बघते.

आणि मॅडम रजेवर आहेत, म्हणजे मंजुरी अडकून राहील. म्हणून नोटीस थांबत नाही, ती टाकलेल्या दिवसापासून. पण १० तारखेनंतरही मंजुरी दिसली नाही तर आठवण करा, लाजू नका.

---

कारकून क्रमांक दोन

पोच घेतली का?

---

टाचणी

पोर्टलच्या पोचपावतीची प्रिंट काढून ठेवलीय, कारकूनसाहेब. एकच प्रत.

आता नवाच पेच आहे. मॅडम म्हणाल्या, टीमला मी आल्यावर स्वतः सांगते, तोवर बोलू नको. मी हो म्हटलं. पण उद्या नवीन कामाचं वाटप आहे, आणि त्यातला सहा महिन्यांचा भाग माझ्या नावावर टाकायचं चाललंय. वाटप करणारा माझ्याच बरोबरीचा आहे, त्याला काही माहीत नाही. गप्प बसलो तर तो माझ्यावर विसंबून आखणी करणार. सांगितलं तर मॅडमना दिलेला शब्द मोडतो.

---

मधली सुट्टी

शब्द दिलाय तर गप्प बसा. एक आठवड्याने आखणी बदलेल, आभाळ कोसळत नाही.

---

शेवटचा डबा

मी त्याच्या जागी असतो तर नंतर तुझ्याशी बोललो नसतो.

---

जुनी खुर्ची

मॅडमना अजून एक मेसेज करा: "उद्या वाटपात मला सहा महिन्यांचं काम दिलं जातंय. तुम्ही त्याला सांगता, की मी सांगू?" रजेत दुसऱ्यांदा त्रास द्यायला जिवावर येईल, पण हा निर्णय त्यांचा आहे.

---

टाचणी (मंगळवार, ४ मार्च, सकाळी)

पाठवला. एक टिक दिसतेय. वाटप अकराला आहे.